फोल्डर कॉम्प्रेस करावं, पण कोणतं?

तालुक्याच्या गावातलं एक डीटीपी केंद्र डोळ्यांसमोर आणू. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही रोजची कामं आणि वर्षाकाठी एक दिवाळी अंक. कॉम्प्युटरमध्ये २४० जीबीची एसएसडी आहे आणि त्यातली जेमतेम दहा जीबी मोकळी उरली आहे. विंडोज अधूनमधून जागा संपल्याचा इशारा देतं, फोटोशॉप मोठी फाइल उघडताना अडखळतं. डिस्कवर ‘जुने अंक’ नावाचं साठ जीबीचं फोल्डर आहे. २०१० ते २०२१ या बारा वर्षांच्या अंकांची पानं, स्कॅन, फोटो आणि छपाईला पाठवलेल्या पीडीएफ त्यात आहेत. ते फोल्डर वर्षातून एखाद-दोन वेळा उघडतं, कुणा लेखकाला जुना लेख हवा असतो तेव्हा किंवा एखादं रेखाचित्र पुन्हा वापरायचं असतं तेव्हा. पुसून टाकता येत नाही, आणि रोज लागतही नाही.

अशा फोल्डरसाठी विंडोजमध्ये एक सोय पूर्वीपासून आहे. फोल्डरवर राइट-क्लिक करायचं, Properties उघडायचं, Advanced वर जायचं आणि Compress contents to save disk space या ओळीपुढे खूण करायची. पुढच्या खिडकीत Apply changes to this folder, subfolders and files निवडलं की काम सुरू होतं. झिप फाइल तयार होत नाही, फायलींची नावं किंवा जागा बदलत नाहीत. पेजमेकर, इनडिझाइन, फोटोशॉप त्या फायली पूर्वीसारख्याच उघडतात. कोणताही प्रोग्रॅम फाइल मागतो तेव्हा विंडोज तिचा लागेल तेवढा भाग उलगडून देतं. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही. ओळख म्हणून आयकॉनच्या कोपऱ्यात दोन छोटे निळे बाण दिसतात, विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत फाइलचं नावच निळं दिसायचं.

फायदा इतका सरळ दिसतो की माणूस सगळ्या ड्राइव्हवरच खूण करून मोकळा होतो. तिथून त्रास सुरू होतो. ही सोय कुठे लाभते आणि कुठे नडते, हे आत काय घडतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी तेच पाहू.

एनटीएफएस ही विंडोजची फाइल मांडण्याची पद्धत. ती डिस्कवरची जागा सहसा चार केबीच्या खणांत वाटते. या खणांना क्लस्टर म्हणतात. कॉम्प्रेशन चालू केलं की सोळा क्लस्टर, म्हणजे चौसष्ट केबी, एका वेळी हातात घेतले जातात. तेवढ्याच मजकुरात पुन्हापुन्हा येणारे तुकडे शोधायचे आणि दुसऱ्यांदा आलेल्या तुकड्याच्या जागी ‘मागे अमुक अंतरावर आहे तेच, इतक्या लांबीचं’ अशी छोटी नोंद ठेवायची, अशी ही रीत आहे. आकार घटल्यामुळे निदान एक क्लस्टर वाचला, तर घटलेलं रूप साठवलं जातं. एकही वाचला नाही, तर तो चौसष्ट केबीचा भाग होता तसाच राहतो. म्हणून चौसष्टचे एकसष्ट केबी झाले तर हाती काहीच लागत नाही. उलट टोकाला, भाग कितीही एकसारखा असला तरी त्याला निदान एक क्लस्टर लागतोच. बचतीची कमाल म्हणजे सोळाला एक. अपवाद फक्त निव्वळ शून्यांनी भरलेल्या भागाचा, त्याला जागाच दिली जात नाही.

यातली महत्त्वाची अडचण पुढे आहे. पुनरावृत्ती शोधताना या पद्धतीची नजर चौसष्ट केबीभर फिरत नाही, फक्त चार केबीच्या आत फिरते. एलझेडएनटी१ असं या पद्धतीचं नाव. विंडोज एनटी ३.५१ मध्ये, १९९५ साली, ही सोय आली. तेव्हाच्या प्रोसेसरना झेपेल इतकी हलकी पद्धत हवी होती, म्हणून नजर आखूड ठेवली गेली. आज तिच्यापेक्षा कितीतरी तल्लख पद्धती आहेत, पण खूण केल्यावर चालते ती अजून हीच.

आपल्या डीटीपी केंद्रात याचा अर्थ काय होतो ते पाहा. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केलं, तर एका आडव्या ओळीत २,४८० बिंदू येतात आणि प्रत्येक बिंदूला एक बाइट लागतो. ओळ २,४८० बाइटची, म्हणजे ४,०९६ बाइटच्या नजरेत एक पूर्ण ओळ आणि खालच्या ओळीचा बराच भाग मावतो. छापील मजकुरात वरची आणि खालची ओळ पुष्कळदा सारखीच असते आणि मधली पांढरी जागा तर एकाच आकड्याची रांग असते. त्यामुळे असं पान झपाट्याने आकसतं. तेच पान सीएमवायकेमध्ये रंगीत असेल, तर प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात आणि ओळ ९,९२० बाइटची होते. आता वरची ओळ नजरेबाहेर गेली. खालच्या ओळीत तेच पुन्हा आलं आहे, हे पद्धतीला दिसतच नाही.

फोटोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. आकाशाचा एकसारखा निळा भाग डोळ्यांना सपाट दिसतो, पण कॅमेऱ्याने टिपलेल्या आकड्यांत शेजारच्या बिंदूंमध्ये एक-दोनचा फरक सतत असतो. या बारीक थरथरीत पुनरावृत्ती नसते, म्हणून ती आकसत नाही. स्कॅन केलेल्या पानालाही हाच नियम. जुन्या कागदाचा पिवळसरपणा आणि पोत तसाच ठेवून साठवलेलं पान फारसं लहान होत नाही. लेव्हल्स मारून पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी केलेलं पान मात्र पाच-सहापट लहान होऊ शकतं. दोन्ही फायलींचा मूळ आकार अगदी सारखा, ८.७ एमबी.

जेपीजी, एमपी३, एमपी४ आणि झिप या फायली मुळातच आकसलेल्या असतात. docx आणि xlsx या फायली आतून झिपच आहेत. पीडीएफमधली चित्रं आणि मजकूरही बहुतेक वेळा आधी दाबलेला असतो. अशा फायलींवर खूण केली तर विंडोज प्रत्येक चौसष्ट केबीवर प्रयत्न करून पाहतं, काही हाती लागत नाही आणि वेळ तेवढा जातो. याउलट साधा मजकूर, सीएसव्ही, एक्सएमएल, प्रोग्रॅमच्या नोंदवह्या म्हणजे लॉग, जुने doc, बीएमपी चित्रं आणि कॉम्प्रेशन न लावता साठवलेल्या टिफ फायली, यांत खरी जागा दडलेली असते.

आता ‘जुने अंक’ उघडून त्याची वर्गवारी करू. हे उदाहरण समजण्यासाठी घेतलं आहे. तुमच्या फोल्डरचे आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. समजा साठपैकी चोवीस जीबी स्वच्छ केलेल्या पानांच्या आणि रेखाचित्रांच्या टिफ फायली आहेत. एका पानाला ८.७ एमबी धरले, तर ही साधारण पावणेतीन हजार पानं होतात, बारा अंकांना वाटली तर प्रत्येकी सव्वादोनशेच्या आसपास. रंगीत फोटोंच्या टिफ चौदा जीबी आहेत. फोटोशॉप, पेजमेकर आणि इनडिझाइनच्या फायली आठ जीबी. उरलेले चौदा जीबी पीडीएफ आणि जेपीजी.

सगळ्या फोल्डरवर खूण केली आणि पानांच्या टिफ चोवीसच्या पाच जीबी झाल्या, फोटो चौदाचे साडेबारा झाले, मांडणीच्या फायली आठच्या सहा झाल्या आणि पीडीएफ-जेपीजी चौदाच्या चौदाच राहिल्या, असं धरू. साठचे साडेसदतीस झाले, साडेबावीस जीबी वाचले. आता नीट बघा. त्या साडेबावीसपैकी एकोणीस जीबी एकाच गटातून आले आहेत. बाकीच्या छत्तीस जीबीवर मेहनत करून मिळाले फक्त साडेतीन. म्हणजे खूण सगळ्या फोल्डरवर करायची गरजच नव्हती, फक्त त्या पानांवर करायला हवी होती.

खिडकीतल्या खुणेने अशी निवड सोयीची होत नाही, त्यासाठी विंडोजमधलीच compact ही आज्ञा वापरावी. पानांच्या टिफ ‘Pane’ नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवल्या असतील, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये असं लिहायचं:

```
compact /c /s:"D:\Ank\Pane" /i *.tif
```

यात /c म्हणजे कॉम्प्रेस करा, /s म्हणजे आतल्या फोल्डरांतही जा आणि /i म्हणजे एखादी फाइल अडली तर थांबू नका. किती वाचले हे पाहायला:

```
compact /s:"D:\Ank\Pane" /q
```

शेवटी एकूण बाइट किती, साठवलेले किती आणि प्रमाण किती, असा गोषवारा येतो. माऊसनेच पाहायचं असेल तर फोल्डरच्या Properties मध्ये Size आणि Size on disk या दोन आकड्यांची तुलना करा. पहिला मूळ आकार, दुसरा प्रत्यक्ष व्यापलेली जागा. कॉम्प्रेशनचा सगळा लाभ या दोन आकड्यांच्या फरकात असतो. एकाच वर्षाच्या अंकाची नक्कल करून तिच्यावर आधी प्रयोग करावा. काही मिनिटांत कळतं की हा माल आकसणारा आहे की नाही. माझ्या मते व्यापलेली जागा निदान एक तृतीयांशाने घटत नसेल, तर तो गट सोडून द्यावा. जागा टंच असेल तर चौथ्या हिश्शापर्यंत खाली यावं, त्याखाली नाही.

हे झालं मिळकतीचं. आता खर्च, म्हणजे किती मंदावतं. इथे वाचन आणि लेखन वेगळं करून पाहिलंच पाहिजे, कारण दोन्हींचा भाव अगदी वेगळा आहे.

वाचनाचा खर्च थोडा असतो. उलगडणं हे आकसवण्यापेक्षा पुष्कळ हलकं काम आहे. ८.७ एमबीचं पान साध्या साटा एसएसडीवरून दोन शतांश सेकंदात वाचून होतं, उलगडण्यात आणखी काही शतांश जातात. फोटोशॉप ती फाइल पडद्यावर मांडायला याहून जास्त वेळ घेतं. वर्षातून दोनदा हे होणार असेल, तर कुणालाही फरक जाणवणार नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तर वाचन कधीकधी जलदही होतं, कारण प्रोसेसर मोकळा असतो आणि डिस्ककडून आणायचा माल कमी झालेला असतो. अतिवेगवान एनव्हीएमई डिस्कवर चित्र उलटं असतं. तिथे डिस्क भराभरा देते आणि उलगडणारा प्रोसेसर मागे पडतो, म्हणून टक्केवारीने घसरण मोठी दिसते. पण ती टक्केवारी बघायची की तुम्हाला प्रत्यक्षात किती सेकंद थांबावं लागतं ते बघायचं? माझं मत सेकंदांच्या बाजूने आहे.

लेखनाचं तसं नाही. फाइलच्या मधोमध दहा बाइट बदलायचे असतील, तरी तो चौसष्ट केबीचा भाग वाचायचा, उलगडायचा, बदलायचा, पुन्हा आकसवायचा आणि परत लिहायचा. नव्याने आकसवलेला भाग आधीच्या जागेत मावला नाही, तर तो डिस्कवर दुसरीकडे जाऊन बसतो. ८.७ एमबीच्या पानात असे १३३ भाग असतात, त्यामुळे फाइल १३३ तुकड्यांत विखुरू शकते. एसएसडीला विखुरण्याचं फार दुःख नाही, फिरत्या डिस्कला मात्र आहे. तिथे कॉम्प्रेस केल्यावर Optimize Drives मधून डीफ्रॅग करून घ्यावं.

रोज लिहिल्या जाणाऱ्या फायलींची अवस्था यामुळे फार वाईट होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू वर्षाचा डेटा, आउटलुकची pst फाइल, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, डेटाबेस, यांच्यात सतत मधेमधे छोटे बदल होत असतात. मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर तर कॉम्प्रेस केलेल्या जागेवर फक्त वाचायच्या डेटाला परवानगी देतं, लिहित्या डेटाबेसला नाही. फार मोठी, सतत बदलणारी फाइल कॉम्प्रेस करून ठेवली तर तिचे इतके तुकडे होऊ शकतात की त्यांच्या नोंदी ठेवायला एनटीएफएसला जागा पुरत नाही. मग फाइल सिस्टिमची मर्यादा संपल्याची ६६५ क्रमांकाची चूक येते आणि लेखन तिथेच थांबतं. डिस्कवर मोकळी जागा भरपूर असतानाही हे होतं, म्हणून लोक गोंधळतात.

तेव्हा पहिला प्रश्न ‘हे फोल्डर मी किती वेळा उघडतो’ हा नाही. ‘या फायलींमध्ये शेवटचा बदल कधी झाला’ हा आहे. एक्सप्लोररमध्ये Date modified नुसार लावून बघा. सगळ्या तारखा वर्षापूर्वीच्या असतील तर फोल्डर पात्र आहे. मध्येच एखादी कालची तारीख दिसली तर ती फाइल कोण बदलतंय हे आधी शोधा. फाइल शेवटची कधी उघडली, हे सांगणाऱ्या Date accessed वर मात्र विसंबू नका. विंडोज व्हिस्टापासून ही नोंद अद्ययावत करणं मुळात बंद ठेवलं गेलं होतं आणि आजही ती नोंद सगळीकडे भरवशाची नसते.

दुसरा प्रश्न सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही फोल्डर क्वचित उघडता, पण कॉम्प्युटर स्वतः किती वेळा उघडतो? अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी असेल तर ती प्रत्येक फाइल वाचते. बॅकअपचा प्रोग्रॅम वाचतो. क्लाउडशी जुळवून ठेवलेलं फोल्डर असेल तर तो प्रोग्रॅम चाळतो. विंडोजचं शोधयंत्र मजकुराची सूची करण्यासाठी फायली उघडतं. या प्रत्येक वेळी फाइल उलगडावी लागते. दर आठवड्याला साठ जीबी चाळले जात असतील, तर ‘क्वचित’ या शब्दाला अर्थ उरत नाही. हे ओळखायचं असेल तर Resource Monitor उघडा, त्यात Disk हा भाग पाहा. कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतो आहे, हे तिथे त्याच क्षणी दिसतं. दुपारी कॉम्प्युटर रिकामा असताना तुमच्या जुन्या फोल्डरमधली नावं त्या यादीत सरकताना दिसली, तर आधी त्याचा बंदोबस्त करा. शोधयंत्राचा बंदोबस्त सोपा आहे. ज्या खिडकीत कॉम्प्रेशनची खूण आहे, तिथेच वरच्या ओळीत मजकुराची सूची करू देण्याची खूण आहे. ती काढून टाका. टिफ चित्रांत शोधण्यासारखा मजकूर नसतोच.

विंडोज १० पासून compact आज्ञेत आणखी एक प्रकार आला. यात चार पद्धती आहेत: XPRESS4K, XPRESS8K, XPRESS16K आणि LZX. क्रमाने आकसण्याचं प्रमाण वाढत जातं आणि लागणारा वेळही. एलझेडएक्सची नजर बत्तीस केबीपर्यंत जाते, म्हणजे आपल्या रंगीत पानाच्या तीन ओळी तिला एका वेळी दिसतात. शिवाय आकसलेला माल एकाला एक लागून ठेवला जातो, चौसष्ट केबीमागे क्लस्टरची सांड होत नाही. आज्ञा अशी:

```
compact /c /s:"D:\Ank\Pane" /i /exe:lzx *.tif
```

ही पद्धत मुळात प्रोग्रॅमच्या फायलींसाठी केली आहे, एकदा बसवल्या की ज्या फक्त वाचल्या जातात अशा. तिची अट कडक आहे. फाइलमध्ये एकदा काहीही लिहिलं की ती संपूर्ण फाइल उलगडून मूळ आकाराची होते आणि तशीच राहते. फोल्डरमध्ये नंतर टाकलेल्या फायलीही आपोआप आकसत नाहीत. निळे बाण दिसत नाहीत, म्हणून कोणती फाइल आकसलेली आहे हे Size on disk पाहूनच कळतं. बंद झालेल्या जुन्या अंकांसाठी ही अट मुळीच अडचणीची नाही, उलट सोयीची आहे. जे बदलायचं नाही, त्यालाच ही पद्धत. प्रोसेसर बरा असेल तर मी जुन्या पानांसाठी हीच निवडेन. दहा वर्षांपूर्वीचा, दोनच कोअरचा कॉम्प्युटर असेल तर साधी पद्धत पुरे.

विंडोजचं स्वतःचं फोल्डर किंवा सगळा C ड्राइव्ह हाताने कॉम्प्रेस करू नये, हे मात्र ठासून सांगतो. काही आवृत्त्यांत C ड्राइव्हवर सरसकट खूण केल्याने कॉम्प्युटर सुरू करून देणारी फाइलही आकसली गेली. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर BOOTMGR is compressed अशी ओळ यायची आणि विंडोज उघडायचंच नाही. त्या क्षणी काहीही उलगडून देणारं विंडोज चालू झालेलं नसतं, तर ती फाइल कोण उलगडणार? विंडोजच्या फायली आकसवायच्याच असतील तर compact /compactos:always ही वेगळी आज्ञा आहे. काय आकसवायचं आणि काय सोडायचं हे तिला ठाऊक असतं.

वाचवलेली जागा डिस्कच्या बाहेर जात नाही, हेही लक्षात असू द्या. कॉम्प्रेस केलेलं पान ईमेलला जोडलं तर ते ८.७ एमबीचंच जातं. पेन ड्राइव्हवर नक्कल केली, तर तो बहुतेक एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि तिथे ही सोयच नाही, म्हणून पूर्ण आकार लागतो. नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरने फाइल मागितली तर आधी उलगडून मग पाठवली जाते, तारेवरचा भार काही कमी होत नाही. साठ जीबीचं फोल्डर साडेसदतीस झालं म्हणून चाळीस जीबी मोकळी असलेल्या पेन ड्राइव्हवर ते मावेल, असं समजू नका. एकाच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तर ती होती तशीच राहते. नक्कल केली, तर नव्या फोल्डरचा गुण घेते. म्हणून कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये हलवून आणलेल्या फायली मोठ्याच राहिल्या तर त्यात बिघाड नाही.

टिफच्या बाबतीत एक दुसरा रस्ताही आहे, तो सांगायला हवा. फोटोशॉपमधून टिफ साठवताना एलझेडडब्ल्यू किंवा झिप कॉम्प्रेशन निवडता येतं. मग बचत फाइलच्या आतच होते आणि ती ईमेलपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळीकडे सोबत जाते. नव्या कामासाठी हेच करावं. जुन्या पावणेतीन हजार पानांसाठी मात्र प्रत्येक फाइल उघडून पुन्हा साठवावी लागेल, आणि जुन्या मांडणीच्या प्रोग्रॅमला झिप कॉम्प्रेशनचं टिफ चालेलच असं नाही. फाइल सिस्टिमच्या कॉम्प्रेशनमध्ये फाइलचा एकही बाइट बदलत नाही आणि बदलाची तारीखही तीच राहते. पेजमेकरने जोडलेली चित्रं जोडलेलीच राहतात.

लिनक्स वापरणाऱ्यांना बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये ही सोय अधिक शहाणपणाने मिळते. तिथे २०१७ पासून झेडस्टँडर्ड ही नवी पद्धत आहे आणि फाइलचा सुरुवातीचा भाग आकसत नसेल तर सहसा पुढचा खटाटोपच केला जात नाही. मॅकमध्ये २००९ पासून अशी सोय आहे, पण ती प्रामुख्याने अ‍ॅपलच्या स्वतःच्या फायलींसाठी. फाइंडरमध्ये त्यासाठी खूण करायची जागा नाही.

आता निकाल. डीटीपी केंद्रातल्या त्या डिस्कवर दहा जीबी मोकळी होती, पानांचा गट कॉम्प्रेस केल्यावर एकोणतीस होते. फोटोशॉपला तात्पुरत्या फायलींसाठी मोकळा वाव मिळतो, विंडोजचे अपडेट अडत नाहीत. बदल्यात एकदा अर्धा-पाऊण तास कॉम्प्युटर गुंतून राहतो आणि नंतर वर्षातून दोनदा काही शतांश सेकंद जादा जातात. इथे कॉम्प्रेस करावंच. फोटोंचे चौदा जीबी सोडून द्यावेत. पीडीएफला हात लावू नये. त्याच डिस्कवर शंभर जीबी मोकळी असती, तर मी यातलं काहीच करू नका म्हटलं असतं, कारण वापरली न जाणारी मोकळी जागा कुणाच्याच उपयोगाची नाही. आणि दर वर्षी आणखी पाच-सात जीबीची भर पडत असेल, तर कॉम्प्रेशनने दोन-तीन वर्षं ढकलली जातात एवढंच. नवी मोठी डिस्क घ्यावीच लागते. बॅकअपचं काम तर कॉम्प्रेशन कधीच करत नाही. डिस्क गेली की आकसलेली फाइलही जाते, म्हणून जुन्या अंकांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असायलाच हवी.

काम झाल्यावर त्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि कोणती आज्ञा कोणत्या तारखेला चालवली, ते तिच्यात लिहा. पूर्ववत करायची वेळ आली तर साध्या पद्धतीसाठी compact /u पुरतं, एलझेडएक्ससाठी मात्र /u सोबत /exe सुद्धा लिहावं लागतं. पूर्ववत करताना वाचलेली सगळी जागा परत लागते. वाचलेल्या एकोणीस जीबीवर दुसरं काही भरून टाकलं असेल, तर ती पानं त्या डिस्कवर पूर्ण उलगडता येणार नाहीत.